प्रश्न सातवा: नळ कुठं पाहिजे

नको तिथं हसू फुटणं हा माझा जन्माचा रोग. शाळेत प्रार्थनेला हसले म्हणून उन्हात उभी राहिले, मुलाकडची माणसं बघायला आली तेव्हा हसले म्हणून ते स्थळ हातचं गेलं, आणि लातूरच्या कचेरीत टंकलेखिका म्हणून लागल्यावर पहिलं मोठं काम हातात आलं तेव्हा सातव्या प्रश्नावर असं हसू आलं की स्टेन्सिलच खराब झाली. स्टेन्सिल म्हणजे मेणाचा कागद. चुकलं की लाल औषध लावायचं, फुंकर घालायची, वाळेस्तोवर गप बसायचं. मी फुंकर घालायची आणि हसू आलं की थुंकीच उडायची.

सातवा प्रश्न असा होता: ‘प्रस्तावित प्रा. न. पा. पु. योजनेंतर्गत ४० एल.पी.सी.डी. निकषानुसार पी.एस.पी. सेवास्तर लाभधारकांस मान्य आहे काय? होय / नाही.’

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. इतका नवा की आमच्या कचेरीच्या शिक्क्यावर अजून ‘जि. उस्मानाबाद’ होतं आणि प्रत्येक पत्रावर ते खोडून हातानं ‘लातूर’ लिहायचं. कपाटं आली नव्हती, पंखा होता पण वीज नव्हती, आणि पाणी तर नव्हतंच. सलग दुसऱ्या साली पावसानं तोंड फिरवलेलं. किराणा दुकानाच्या वर भाड्याच्या दोन खोल्यांत आमची कचेरी, आणि काम काय, तर गावोगावी नळाचं पाणी न्यायचं. कचेरीतल्या माठाला मात्र टँकरची वाट बघावी लागायची. आता यावर हसू नये तर काय करावं?

मी मूळची नांदेडची. नोकरी लागली म्हणून लातूरला एका खोलीत राहायचे. कचेरीत माझ्याखेरीज दोन माणसं महत्त्वाची. एक आमचे साहेब, उपअभियंता. उंच, बारीक, शर्टाच्या खिशाला चार पेनं. लघुरूपांवर त्यांचा भारी जीव. घरी बायकोला चहा मागतानाही हा माणूस ‘टी’ऐवजी काहीतरी तीन अक्षरी मागत असेल, असं आम्ही म्हणायचो. दुसरे आमचे ड्राफ्ट्समन, नकाशे काढणारे. तेही नांदेडचे, देगलूर नाक्याकडचे. मला ‘बहेन’ म्हणायचे आणि दर वाक्याला एक ‘क्या बोलते’ जोडायचे.

"काय हसताय, बाई?" साहेबांनी खोलीतून विचारलं.

"सातवा प्रश्न, साहेब. यात काय विचारलंय?"

"लिहिलंय की स्पष्ट."

"साहेब, मी बी.ए. झालेय. मला ‘आहे काय’ एवढंच कळलं."

साहेब चिडले नाहीत, उठून आले. शिकवायची त्यांना हौस होती. म्हणाले, प्रा. न. पा. पु. म्हणजे प्रादेशिक नळ पाणीपुरवठा, म्हणजे एका तलावाचं पाणी बऱ्याच गावांना. एल.पी.सी.डी. म्हणजे एका माणसाला एका दिवसाला इतके लिटर. आणि पी.एस.पी. म्हणजे घराघरांत नळ नाही, चौकात एक खांब, त्याला तोट्या, सगळ्यांनी मिळून भरायचं.

"आणि घरात नळ हवा असेल तर?"

"तर ‘नाही’वर खूण करायची. मग त्या वस्तीचा आराखडा वेगळा. पाणी जास्त धरावं लागतं, पाइप जाड लागतो, पाणीपट्टीही जास्त. पण एकदा ‘होय’ आलं की पाइपाची जाडी ठरली. पुन्हा बदल नाही."

तिथं माझं हसू थांबलं. यादीत माझ्या आत्याची वस्ती होती.

कंधारहून येताना लातूरच्या हद्दीत शिरलं की उजव्या हाताला एक गाव लागतं. त्या गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धवस्ती. आत्या तिथं दिलेली. तिच्या तरुणपणी विहिरीवर वरून कुणी घागरीत ओतलं तर पाणी, नाहीतर बसून राहा. पुढं वस्तीला हातपंप मिळाला, तो या दुष्काळात कोरडा पडला. आता टँकर यायचा, तो वरच्या चौकात उभा राहायचा. आणि साहेबांच्या नकाशावर खांब कुठं होता? त्याच चौकात. तिथं कोण आधी आणि कोण मागं, हे पाणी यायच्या आधीच ठरलेलं असायचं. आत्याचा गुडघा गेलेला. तिचं एकच म्हणणं होतं, आणि ते ती पाहुण्यारावळ्यांना, एसटीच्या कंडक्टरलासुद्धा ऐकवायची: मरायच्या आधी एकदा माझ्या मोरीतला नळ मी माझ्या हातानं सोडीन. आणि तिचा तो नळ आता या सातव्या प्रश्नावर लटकलेला.

ही योजना ज्यांच्या मदतीवर उभी राहणार होती त्यांची अट होती की आराखडा पक्का करायच्या आधी गावोगाव लोकांना विचारा. म्हणून ही प्रश्नावली. साहेबांचं म्हणणं, विचारलं की झालं. मी रविवारी एक प्रत पिशवीत घातली आणि एसटीनं आत्याकडं गेले.

आत्यानं शेजारणी गोळा केल्या. मी मोठ्यानं वाचलं, जसंच्या तसं. पहिला प्रश्न, ‘विद्यमान उद्भव शाश्वत आहे काय?’ सगळ्या म्हणाल्या, "हाव." म्हणजे काय, तर सध्या जिथून पाणी मिळतं तिथं ते बारमाही टिकतं का. हातपंप फुफाट्यात उभा, आणि उत्तर हाव. दुसरा, तिसरा, हाव, हाव. सातव्याला तर माझं वाचून संपायच्या आत हाव.

"आत्या, काय विचारलं ते कळलं का?"

"न्हाई."

"मग हो कशाला म्हणतेस?"

आत्यानं माझ्याकडं असं बघितलं की माझीच अक्कल काढल्यासारखं वाटलं. "कागद घेऊन आलेल्या माणसाला न्हाई म्हणून राहिले, अन् उद्या टँकर आला न्हाई तर? हाव म्हणायला काय जातंय?"

झालं. साऱ्या वस्तीचं हेच. वरच्या गावाचंही हेच असणार. सरकारला नाही म्हणू नये, ही दुष्काळात शिकलेली रीत. आणि साहेबांच्या तक्त्यात सगळीकडं होय, होय, होय. तक्ता लई देखणा दिसला असता.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि माझी जीभ सुटली. ती एकदा सुटली की मलाही ऐकत नाही. म्हटलं, साहेब, ही लोकांना विचारायची प्रश्नावली आहे की लोकांपासून लपवायची? साहेबांनी पेन खाली ठेवलं. ड्राफ्ट्समन दारात नकाशा घेऊन उभे होते, ते नकाशामागं लपले. मला वाटलं, गेली नोकरी.

साहेब म्हणाले, "ठीक आहे. सोपं करून दाखवा. मात्र दोन अटी. अर्थ केसभर हलता कामा नये. आणि एका स्टेन्सिलवर मावलं पाहिजे."

साहेब बाहेर गेल्यावर ड्राफ्ट्समन म्हणाले, "बहेन, नोकरी वाचली, पण काम वाढवून घेतलं. क्या बोलते."

पुढचे दिवस म्हणजे नुसती धमाल होती. इतकी मजा मला पुढं आयुष्यात फार थोड्या वेळा आली. आम्ही शब्दांच्या मागं हात धुऊन लागलो. ‘लाभधारक’ पहिल्याच दिवशी गेला, त्याच्या जागी ‘तुम्ही’ आलं. ‘ई.एस.आर.’ची ‘खांबांवरची उंच टाकी’ झाली. ‘ओ अँड एम’नं फार पिडलं. शेवटी लिहिलं, ‘मोटार रोज चालवायची आणि पाइप, नळ बिघडले तर दुरुस्त करायचे, हे काम’. लांब झालं, पण भोकरच्या बाजारात कुणालाही थांबवून वाचून दाखवावं आणि त्यानं मान हलवावी, असं झालं.

‘उद्भव’च्या जागी मी झटकन ‘विहीर’ लिहिलं आणि स्वतःवर खूश झाले. साहेबांनी ते लगेच खोडलं. "आपलं पाणी तलावातून येणार आहे, विहिरीतून नाही. आणि बाई, या दिवसांत कचेरीच्या कागदावर विहीर हा शब्द दिसला की ज्याची विहीर आहे त्याला काय वाटेल?" मला चटकन उमगलं. टंचाईत सरकार खासगी विहिरी ताब्यात घ्यायचं, लोकांच्या पाण्यासाठी. शेतकऱ्याला वाटलं असतं, आली आपली पाळी. सोपा शब्द खरा असतोच असं नाही, हे मी त्या दिवशी शिकले, आणि साहेबांबद्दलचं माझं मत थोडं बरं झालं. आम्ही लिहिलं, ‘पाणी जिथून मिळतं ती जागा’.

मग आलं एल.पी.सी.डी. माणशी रोज चाळीस लिटर. गावात लिटर दुधाला आणि रॉकेलला, पाण्याला कोण लिटर लावतं? मी लिहिलं, ‘माणशी रोज तीन घागरी’.

"कुठली घागर?" साहेब.

"घागर म्हणजे घागर, साहेब."

"माझ्या आईची घागर उचलायला दोन माणसं लागायची. अर्थ केसभर, बाई."

आता मला चेव चढला. मी घरमालकिणीची घागर आणली, ड्राफ्ट्समननी घरून तांब्याचा हंडा आणला, खालच्या दुकानदाराच्या बायकोनं कळशी दिली. दूधवाल्याकडून लिटरचं माप आणलं. सगळं सज्ज, आणि मग आम्हा दोघांच्या एकदम ध्यानात आलं, मोजायला पाणी कुठाय? माठात दोन तांबे उरलेले. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पाणी मोजायला पाणी नाही. मी भिंतीला टेकून खाली बसले, इतकं हसले की पोटात कळ आली. ड्राफ्ट्समन आधी गंभीर राहायचा प्रयत्न करत होते, मग तेही टेबलाला धरून हसायला लागले.

"पाणी नाही तर ज्वारी घ्या," मी डोळे पुसत म्हटलं.

खालच्या दुकानदारानं ज्वारी उसनी दिली, दाणाही सांडायचा नाही या बोलीवर. आणि मग आमच्या नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत, ज्वारीचं माप सुरू झालं. एक लिटर, दोन लिटर, घागरीत ओता, मोजा, परत काढा. माझ्या केसांत भुसा, ड्राफ्ट्समनच्या नकाशावर दाणे. साहेब आत आले तेव्हा मी हंड्यात कोपरापर्यंत हात घातलेला होता. बूट काढले, सतरंजीवर बसले आणि माप हातात घेतलं. "तुम्ही शीग धरताय. सपाट धरा." मग ते स्वतःच ओतायला लागले. थोड्या वेळानं जिन्यावरून कुणाला तरी घरी पाठवून त्यांनी आपल्या घरचा हंडाही मागवला.

घागर वेगळी, हंडा वेगळा, कळशी वेगळी. दुष्काळात तर बायांनी लहान भांडी काढलेली, कारण लांबून आणायचं. एक भांडं दुसऱ्याशी जुळेना. आम्ही थकून बसलो. मी ज्यावर बसले होते तो पत्र्याचा डबा होता. दुकानदारानं ज्वारी त्यातून वर दिली होती, पंधरा किलो तेलाचा रिकामा डबा. मी उठले, डब्याकडं बघितलं, मग साहेबांकडं. साहेबांनीही डब्याकडं बघितलं.

तो डबा कंधारला तोच, अर्धापूरला तोच, उदगीरला तोच. अर्ध्या घरांत वरचं कापून, आडवी काठी ठोकून त्यातच पाणी आणायचे. आम्ही ज्वारीनं मोजला, काठोकाठ साडेसोळा लिटरच्या आसपास. अडीच डबे म्हणजे जवळजवळ चाळीस लिटर. घरात नळ घेतला तर निकष सत्तर लिटरचा, म्हणजे चार डबे आणि वर थोडं. ड्राफ्ट्समन म्हणाले, "एल.पी.सी.डी. मेला. डबा आला. क्या बोलते." साहेब चक्क खो खो हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं, आणि सांगायला हरकत नाही, हसणं मात्र त्यांचं लघुरूपात नव्हतं.

नवी प्रश्नावली मी टाइप केली. एका स्टेन्सिलवर मावली. सातवा प्रश्न आता असा होता: ‘चौकात सगळ्यांना मिळून एक नळ बसेल. माणशी रोज अडीच डबे पाणी मिळेल. चालेल का? हो / नाही.’ ‘मान्य आहे काय’च्या जागी ‘चालेल का’. मी स्वतःची पाठ थोपटली. असला प्रश्न तर आंधळ्यालाही दिसेल, म्हटलं.

पुढच्या रविवारी पुन्हा आत्या, पुन्हा शेजारणी, पुन्हा मी मोठ्यानं वाचलं. आता बाया बोलू लागल्या. उंच टाकी कुठं येणार म्हणून भांडल्या. अडीच डबे ऐकून एकीनं बोटं मोजली, "घरात सा माणसं, म्हंजी पंदरा डबे? रोज? खरं सांगून राहिलीस का, बाय?" मला इतका आनंद झाला की वाटलं, आता ही प्रश्नावली छापून साऱ्या मराठवाड्यात वाटावी.

आणि सातव्याला सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "चालंल की. न चालायला काय झालं?"

मी थंड पडले. मग तापले. "आत्या, तुला दारात नळ पाहिजे ना?"

"पायजे की."

"मग चौकातला चालेल असं का म्हणालीस?"

"तू चालंल का इचारलंस. तान लागलेल्याला काय बी चालतं. पायजे का, असं कुठं इचारलंस?"

शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. मला त्यावेळी हसू आलं नाही. परतीच्या एसटीत मात्र, शेवटच्या सीटवर आदळत असताना, आलं. इतके दिवस आम्ही अवघड शब्द काढून सोपे घातले, अर्थ कळावा म्हणून. अर्थ कळला. पण ज्याला आजवर जे मिळेल ते चालवून घ्यायची सवय, त्याला ‘चालेल का’ विचारण्यात काय राम? ज्याच्या खिशात नळ आहे त्यानं तहानलेल्याला असं विचारूच नये.

सोमवारी मी म्हटलं, ‘पाहिजे का’ असं विचारू, पण साहेब या वेळी अडून बसले. "‘पाहिजे का’ विचारलं तर लोक चंद्र मागतील, बाई. अपेक्षा वाढवून ठेवायच्या आणि मग?"

"चंद्र कुणी मागत नाही, साहेब. पट्टी किती आणि काय मिळेल ते दोन्ही शेजारी शेजारी लिहा. मग बघा कोण काय मागतंय."

"वर काय सांगू मी? अहवाल पाठवायचाय."

"वर सांगा की लोकांना विचारलं. अजून विचारलं कुठं आपण?"

आवाज वाढला माझा. ड्राफ्ट्समन पुन्हा नकाशामागं. साहेब खिडकीशी गेले, खाली टँकरपुढं लागलेली रांग बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या आत्याच्या वस्तीत मी येतो. मी वाचतो. एकाच वस्तीत. तिथं जर पोरखेळ झाला तर जुना प्रश्न कायम." म्हणजे आता आत्याचा नळ, आणि बाकीच्या वस्त्यांचेही नळ, एका सकाळवर आले.

नवा सातवा प्रश्न मी आणि साहेबांनी मिळून लिहिला: ‘नळ कुठं पाहिजे? चौकात सगळ्यांना मिळून, की आपल्या घरी? चौकात: माणशी रोज अडीच डबे, दर महिन्याची पट्टी कमी. घरी: माणशी रोज चार डब्यांहून थोडं जास्त, पट्टी जास्त.’ पट्टीचे आकडे समोर लिहिले. हो आणि नाही ही दोन्ही उत्तरं काढून टाकली, म्हणजे नुसतं ‘हाव’ म्हणून कुणी सुटायला नको.

विहारासमोरच्या मोकळ्या जागेत सतरंजी टाकली होती. साहेबांना खुर्ची दिली, ते उभेच राहिले. जय भीम झाला, चहा झाला, तो चहा टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेल्या पाण्याचा हे मला ठाऊक होतं, म्हणून मी अर्धाच कप ओतू दिला. साहेबांनी एकेक प्रश्न वाचला. लोक बोलत होते, भांडत होते, ड्राफ्ट्समन लिहून घेत होते.

सातवा आला. साहेबांनी चष्मा सारखा केला. "नळ कुठं पाहिजे?"

इतका वेळ गलका करणारी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. एक म्हातारे म्हणाले, "साहेब, तुमी जितं लावाल तितं." साहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत होतं, बघा, झाला ना पोरखेळ? मी आत्याकडं बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

साहेबांनी काय केलं असेल? कागद घडी करून खिशात घातला. आता संपलं, असं मला वाटलं. पण ते आत्यासमोर जाऊन उकिडवे बसले, ज्वारी मोजताना बसले होते तसेच, आणि म्हणाले, "आत्याबाई, पट्टी भरावी लागेल, ती ऐकलीत. आता सांगा. तुम्हाला नळ कुठं पाहिजे?"

आत्या उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. घराकडं चालायला लागली. साहेब तिच्या मागं, मी साहेबांच्या मागं. तिच्या घरात, चुलीशेजारी, फरशीचा एक तुकडा बसवलेली मोरी होती. तिथल्या भिंतीवर तिनं बोट टेकवलं.

"हितं."

ड्राफ्ट्समननी नकाशावर ठिपका मांडला. आणि मग जे झालं त्याला मी जत्रा म्हणीन. बाया एकापाठोपाठ एक उठून आपापल्या घरात शिरल्या आणि दारातून हाका मारायला लागल्या. हितं, साहेब. आमच्या हितं. न्हाई, तिथं न्हाई, तिथं बैल बांधतो, ह्या बाजूला. साहेब या घरातून त्या घरात पळताहेत, डोक्यावर चौकटी आपटताहेत, ड्राफ्ट्समन ठिपके काढताहेत आणि पुटपुटताहेत, "बहेन, नकाशाला गोवर आला, क्या बोलते." दोन घरांनी पट्टी ऐकून चौकातलाच बरा म्हटलं, आणि साहेबांनी तेही तितक्याच आदरानं लिहून घेतलं. मघाचे ते म्हातारे दोनदा विचार बदलून शेवटी म्हणाले, "लिवा, घरी." चंद्र कुणीच मागितला नाही. मी मात्र रडत होते की हसत होते, ते मलाच कळत नव्हतं. बहुतेक दोन्ही.

निघताना साहेबांनी सहज विचारलं, "आत्याबाई, आणखी काही?"

"आता इचारलंच हाय तर," आत्या म्हणाली, "तोटी उंच लावा. माझ्या कमरंला येईल अशी. लई वाकले मी पाण्यासाठी."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं, ड्राफ्ट्समनच्या नकाशावर त्या ठिपक्याशेजारी उंची लिहिली, आणि एकही लघुरूप वापरलं नाही.

तो सातवा प्रश्न मग सगळ्या गावांत गेला. योजना व्हायला वर्षं लागली, सरकारी कामं ती. साहेबांची बदली झाली, मी लग्न करून नांदेडला परतले, कचेरीच्या शिक्क्यावर अखेर लातूर आलं. पण पाणी आलं. आत्यानं स्वतःच्या हातानं नळ सोडला, त्या दिवशी तिनं कुणाकडून तरी मला पत्र लिहवून धाडलं, त्यात फक्त एवढंच होतं, ये अन् बघ.

पुढं कितीतरी वर्षांनी मी तिच्याकडं गेले होते, तेव्हा दुरुस्तीला नवा प्लंबर आला होता. चाकी फिरवता फिरवता म्हणाला, आजी, साऱ्या वस्तीत नळ खाली, तुमचाच एवढा वर कसा काय? कुणी लावला असा चुकीचा?

आत्या चुलीपुढं बसली होती. तिनं मान वरही केली नाही.

"चुकीचा न्हाई," ती म्हणाली. "मला इचारलं व्हतं."